पाच वर्षांचा राउटर: बदलायचा की राहू द्यायचा?

२०२० आणि २०२१ साली मुलांची शाळा मोबाइलवर आली, तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच घरांत पहिल्यांदा वायरचे इंटरनेट आले आणि त्याच्यासोबत राउटर आला. ते डबे आता पाच वर्षांचे झाले. अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत त्यांच्याविषयीचे प्रश्न वाढले आहेत आणि प्रश्न बहुधा एकाच साच्याचा असतो. नेट अडकते, दुकानदार म्हणतो नवा घ्या, तर घ्यावा का?

मुंब्र्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र त्यातलेच. घर लहान, एक हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर, सारे मिळून साडेचारशे चौरस फूट. पती कुवेतला नोकरीला. रोज इशाच्या नमाजनंतर त्यांचा व्हिडिओ कॉल येतो, कारण तिथे तेव्हा संध्याकाळ असते आणि ते कामावरून सुटलेले असतात. धाकटा मुलगा मगरिबनंतर उस्तादांकडे ऑनलाइन कुरआन शिकतो, मोठी मुलगी बारावीला असून बेडरूममध्ये बसून लेक्चर बघते. गेले वर्षभर अब्बांचा चेहरा पडद्यावर मध्येच थिजतो आणि आवाज तुटतो. शेवटी पोरे कंटाळून उठून जातात. दुकानदाराने सहा अँटेनांचा साडेसहा हजारांचा राउटर दाखवला. दिरांचे म्हणणे, बाराशे रुपयांचा एक्स्टेंडर लावा, काम होईल. भगिनीचा प्रश्न असा की दोघांपैकी कुणाचे ऐकावे.

आम्ही त्यांना कळवले की आधी कुणाचेच ऐकू नका, आधी मोजा. कारण राउटर माणसासारखा म्हातारा होऊन हळू चालू लागत नाही. २०२० साली तो जेवढे काम करत होता, तेवढेच आजही करतो. बदलते ते त्याच्या आजूबाजूचे. शेजारच्या प्रत्येक घरात राउटर येतो, आपला प्लॅन वाढतो, घरातले मोबाइल दोनाचे पाच होतात. त्यामुळे नेट अडकते तेव्हा दोष तीन ठिकाणी असू शकतो: बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये, राउटरमध्ये, किंवा राउटर आणि आपण यांच्यामधल्या भिंतींत. पहिला दोष असेल तर नवा राउटर घेऊन एक पैशाचाही फायदा नाही. तिसरा असेल तर बहुधा जागा बदलून भागते. फक्त दुसऱ्यासाठी पैसे खर्चावे लागतात.

मोजणी अशी करायची. एक लॅपटॉप घ्यावा, घरात नसेल तर पुतण्याचा किंवा शेजाऱ्यांचा अर्ध्या तासासाठी मागून आणावा. तो राउटरच्या मागच्या पिवळ्या किंवा काळ्या पिनेत लॅनच्या वायरने जोडावा आणि वाय-फाय बंद करावे. मग ब्राउझरमध्ये fast.com किंवा speedtest.net उघडून स्पीड बघावा. ही पहिली मोजणी, म्हणजे लाइनमधून घरात किती येते ते. नंतर मोबाइल राउटरपासून दोन-तीन फुटांवर धरून वाय-फायवर तोच स्पीड बघावा. मोबाइलचा डेटा आधी बंद करायला विसरू नये, नाहीतर आकडा भलत्याचाच येतो. तिसरी मोजणी जिथे त्रास होतो तिथे, म्हणजे या घरात बेडरूममध्ये मुलीच्या टेबलावर. हे सारे दोनदा करायचे. एकदा सकाळी मुले शाळेत गेल्यावर आणि एकदा रात्री इशानंतर, म्हणजे जेव्हा खरोखर अडकते तेव्हा. सकाळी मोजून नेटवाल्याशी भांडायला गेलात तर तो हसेल.

भगिनीने वहीत लिहून पाठवलेले आकडे असे होते. प्लॅन १०० एमबीपीएसचा. वायरने सकाळी ९४, रात्री ९१. म्हणजे लाइन चोख, नेटवाला निर्दोष. राउटरजवळ वाय-फायवर सकाळी ४६, रात्री १३. बेडरूममध्ये सकाळी २१, आणि रात्री फक्त ३.

या सहा आकड्यांत जवळजवळ सारी गोष्ट आहे. घरात ९१ येत असताना हातभर अंतरावर १३ मिळत असेल तर भिंतीला दोष देता येत नाही, कारण मध्ये भिंतच नाही. आणि सकाळी ४६ असलेला आकडा रात्री १३ वर येतो, याचा अर्थ रात्री हवेत गर्दी होते. वायरचा आकडा रात्रीच पंधरा-वीसवर आला असता, तर निदान उलट झाले असते: लाइनवरच गर्दी आहे, तक्रार नेटवाल्याकडे करा आणि राउटरला हात लावू नका.

कॉल तुटण्याचे निदान आणखी बारकाईने करायचे तर लॅपटॉपवर एक छोटी युक्ती आहे. वायर काढून लॅपटॉप वाय-फायवर घ्यावा, त्रास होतो त्या जागी बसावे आणि काळ्या खिडकीत, म्हणजे विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, हे दोन आदेश एकामागून एक द्यावेत. पहिला आपल्या राउटरला हाक मारतो, दुसरा बाहेरच्या जगातल्या एका सर्व्हरला.

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

काही राउटरचा पत्ता 192.168.0.1 असतो, डब्याखालच्या चिकटपट्टीवर तो छापलेला असतो. उत्तराला लागलेला वेळ मिलिसेकंदांत दिसतो. राउटरकडून उत्तर एक ते दहा मिलिसेकंदांत येत राहिले तर घरातले वाय-फाय ठीक. तेच मध्येच २००, मध्येच ६०० झाले किंवा Request timed out असे दिसू लागले, तर कॉल घरातच तुटतो आहे, कुवेतपर्यंत जायची गरजच नाही. पहिली हाक शांत आणि दुसरीच अडखळत असेल तर दोष बाहेरचा. या घरात पहिलीच हाक अडखळत होती.

कारण काय, ते समजून घेऊ. हा राउटर एकाच पट्ट्यावर चालणारा आहे, २.४ गिगाहर्ट्झच्या. हा पट्टा भिंतीतून चांगला जातो, पण अरुंद आहे. त्यात एकमेकांना धक्का न लावता शेजारी शेजारी बसू शकतील अशा जागा तीनच आहेत: चॅनल १, ६ आणि ११. भगिनीच्या मुलीने मोबाइलवर वाय-फाय अॅनालायझरचे एक मोफत अॅप टाकून पाहिले, तर हॉलमध्ये उभे राहून २.४ च्या पट्ट्यावर सत्तावीस राउटर दिसत होते. सत्तावीस घरे, जागा तीन. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचे असा वाय-फायचा शिरस्ता आहे; बाकीचे थांबतात. रात्री दहाला साऱ्या इमारतीत टीव्ही आणि मोबाइल चालू असतात, तेव्हा आपला राउटर रांगेत उभा असतो. सिनेमा काही सेकंद आधीच साठवून ठेवतो, म्हणून त्याला हे थांबणे जाणवत नाही. कॉलला साठवता येत नाही, म्हणून तो तुटतो. टीव्ही नीट चालतो आणि अब्बांचाच कॉल का तुटतो, हे कोडे बऱ्याच घरांत असते, त्याचे उत्तर हे.

आता दिरांचा एक्स्टेंडर. तो काय करतो? राउटरचे बोलणे ऐकतो आणि त्याच हवेत पुन्हा बोलून दाखवतो. म्हणजे रांगेत आणखी एक जण. एका पट्ट्याचा एक्स्टेंडर तेच पॅकेट दोनदा हवेत पाठवतो, म्हणून त्याच्यापलीकडे स्पीड साधारण निम्माच उरतो. मोबाइलवर मात्र सिग्नलच्या काड्या भरलेल्या दिसतात आणि माणूस समाधान मानतो. साडेचारशे चौरस फुटांच्या घरात एक्स्टेंडरला आमचा सरळ नकार आहे.

पैसे खर्चण्याआधी भगिनीला आम्ही दोन फुकटच्या गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, जागा बदलणे. राउटर दाराजवळच्या शोकेसमध्ये टीव्हीच्या मागे होता आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल टाकलेला. टीव्हीच्या पाठीचा धातू, लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी यांच्या आड सिग्नल मरतो. आणि रुमालाखाली डबा तापतो. त्यांनी नेटवाल्याकडून लॅनची आठ मीटर वायर टाकून घेतली आणि राउटर हॉल आणि बेडरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये, दाराच्या चौकटीच्या उंचीवर भिंतीला लावला. दुसरी, चॅनल बदलणे. राउटरच्या पानावर चॅनल Auto होता आणि कधीतरी ६ वर जाऊन तिथेच बसला होता. अॅपमध्ये ११ वर गर्दी थोडी कमी दिसली, म्हणून तो ११ वर ठेवला. यावेळी ३ किंवा ८ असला मधला आकडा निवडू नये, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी टक्कर होते. एवढ्याने बेडरूममधला रात्रीचा ३ चा आकडा ९ झाला. मुलीचे लेक्चर चालू लागले. कॉल मात्र अजूनही अधूनमधून थिजत होता.

तेव्हा आम्ही म्हटले, आता बदला. पाच वर्षे झाली म्हणून नव्हे. दाट इमारतीत एका पट्ट्याच्या राउटरला जेवढे जमते तेवढे त्याने करून झाले होते, म्हणून.

नव्या राउटरमध्ये लहान घराने काय बघायचे, हे खरे तर दोन गोष्टींत संपते.

पहिली, तो दोन पट्ट्यांचा हवा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही. पाचच्या पट्ट्यात जागा कितीतरी जास्त आहे. आणि त्याचा सिग्नल भिंतीत लवकर दमतो, हा त्याचा दोष इमारतीत गुण ठरतो, कारण शेजाऱ्यांचा सिग्नलही आपल्यापर्यंत पोचत नाही. त्याच मुंब्र्याच्या हॉलमध्ये पाचच्या पट्ट्यावर सहाच राउटर दिसत होते. एक गैरसमज इथेच दूर करतो. राउटरच्या नावापुढे जे 5G दिसते त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जी सिमशी काही संबंध नाही. ते फक्त पाच गिगाहर्ट्झ. आपला मोबाइल फाइव्ह-जीचा नसला तरी त्या नावाला जोडता येतो. गेल्या काही वर्षांतले बहुतेक मोबाइल दोन्ही पट्टे ओळखतात.

दुसरी, पिना गिगाबिट हव्यात. ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, आणि फसगत इथेच होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० लिहिलेले असते, पण मागच्या वायरच्या पिना जुन्या, १०० च्याच असतात. अशा राउटरमधून घरात कितीही केले तरी ९४-९५ च्या वर येत नाही, कारण दरवाजाच तेवढा. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत बघावे: 10/100 असेल तर तो जुना दरवाजा, 10/100/1000 किंवा Gigabit असेल तर नवा. आज प्लॅन १०० चा असेल तर जुन्या दरवाजानेही भागते हे खरे, पण नेटवाले त्याच पैशात २०० देऊ लागले की पुन्हा खर्च. दोहोंतला फरक काही शेकड्यांचा असतो, तो देऊन टाकावा.

याचीच दुसरी बाजू अशी की तुमच्याकडे २०० चा प्लॅन असेल आणि वायरने मोजल्यावर रोज न चुकता ९३, ९४, ९५ असाच आकडा येत असेल, तर आधी राउटरच्या पिना बघा. त्या गिगाबिट असतील तर वायर बघा. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, शंभरला चारच पुरतात. टोकाची प्लॅस्टिकची पिन दाबताना एखादी तार नीट बसली नाही की जोडणी मुकाट्याने शंभरवर उतरते आणि सारे चालू दिसते. नेटवाल्याने पिन पुन्हा दाबून दिली की दोन मिनिटांत आकडा दुप्पट. या कारणाने लोकांनी राउटर बदललेले आम्ही पाहिले आहेत, आणि नव्या राउटरवरही ९४ च आलेले.

बाकीच्या गोष्टींवर फार वेळ घालवू नये. वाय-फाय ५ की वाय-फाय ६? आज नवा घेताना ६ घ्यावा, कारण किमतीत फार अंतर राहिलेले नाही आणि चार-सहा मोबाइल एकदम चालू असताना हवा वाटून देण्याचे काम तो जास्त शिस्तीने करतो. पण घरातला पाच वर्षांपूर्वीचा राउटर वाय-फाय ५ चा, दोन पट्ट्यांचा आणि चांगला चालत असेल, तर केवळ सहासाठी तो बदलू नये. मोबाइल जुना असेल तर त्याला सहाचा फायदा तसाही मिळत नाही. वाय-फाय ७ हा लहान घराचा विषय नाही, दुकानदाराचा आहे.

खोक्यावरचा आकडा वाचायचा कसा, तेही सांगतो. एएक्स १५०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर १२०१, यांची बेरीज करून गोल केलेला आकडा. मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज कुणाच्याच वाट्याला येत नाही. शिवाय १२०१ हा कागदावरचा वेग, हातात साधारण त्याच्या निम्म्याच्या आसपास येतो, आणि स्वस्त मोबाइलमध्ये एकच अँटेना असते म्हणून त्याला आणखी कमी. तरीही काळजी नको. घराची खरी गरज मोजून बघा: टीव्हीवर साध्या एचडीला पाचेक एमबीपीएस लागतात, चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन-तीन, लेक्चरला तेवढेच, बाकीच्या मोबाइलना मिळून दहा धरा. सारे एका वेळी चालू असले तरी पंचवीसच्या आतच. म्हणून एएक्स १५०० किंवा १८०० लहान घराला पुरून उरतो. ३००० च्या पुढचे पैसे वाया. एरवी आपण इस्राफ म्हटले की लग्नातली बिर्याणी आठवतो, पण तो राउटरच्या खोक्यातही मावतो. बाहेर दिसणाऱ्या अँटेनांच्या संख्येवरही जाऊ नये. मोबाइलला दोनच असताना राउटरच्या सहा शोभेलाच जास्त.

एक गोष्ट मात्र बघाच, आणि ती खोक्यावर ठळक नसते: राउटर किती व्होल्टवर चालतो. लोडशेडिंग असलेल्या घरांत राउटरसाठी छोटा यूपीएस असतो, तो बहुधा १२ व्होल्टचा. नवा राउटर ९ व्होल्टचा निघाला तर तो यूपीएस निकामी, किंवा चुकून जोडला तर राउटरच निकामी. अॅडॉप्टरवर 12V 1A असे छापलेले असते, ते जुन्याशी ताडून घ्यावे.

मुंब्र्याच्या घरात शेवटी एएक्स १५०० चा, गिगाबिट पिनांचा राउटर आला, साडेसहा हजारांच्या निम्म्याहून कमी किमतीत. त्याच पॅसेजमध्ये, त्याच खिळ्यावर. रात्रीचा आकडा राउटरजवळ ९०, बेडरूममध्ये ७२. पहिल्या दिवशी दोन्ही पट्ट्यांना एकच नाव होते, तेव्हा धाकट्याचा जुना टॅब पुन्हा पुन्हा २.४ वर जाऊन बसत होता. मग नावे वेगळी केली आणि टॅबला पाचच्या नावावरच जोडून ठेवले.

खरेदीला निघण्याआधी अजून एक बघायचे राहते, आणि ते फार महत्त्वाचे आहे: घरातला डबा तुमचा आहे की नेटवाल्याचा? फायबरच्या जोडणीत भिंतीतून बारीक काचेची तार येते आणि टोकाला बहुधा हिरवी टोपी असते. ती ज्या डब्यात जाते तो नेटवाल्याच्या यंत्रणेत नोंदलेला असतो. बाजारातल्या साध्या राउटरला ती तार बसतच नाही. पुष्कळ घरांत हाच डबा वाय-फायही देतो, आणि तो एका पट्ट्याचा असेल तर आधी नेटवाल्याकडे दोन पट्ट्यांचा मागावा. प्लॅन वाढवताना किंवा वर्षाचे पैसे एकदम भरताना मागितला तर पुष्कळदा मिळतो. तो तयार नसेल तरच आपला राउटर घ्यावा आणि लॅनच्या वायरीने त्या डब्याच्या मागे जोडावा, मग डब्यावरचे वाय-फाय बंद करायला सांगावे, नाहीतर घरात दोन वाय-फाय एकमेकांशी भांडतात. आपला राउटर वेगळा असेल तर नेटवाल्याकडून PPPoE चे नाव आणि पासवर्ड आधीच लिहून घ्यावा. सुटीच्या दिवशी नवा राउटर लावायला बसलेल्या किती जणांचे काम या दोन ओळींपायी अडले आहे, विचारू नका.

आता उलटे उदाहरण. रत्नागिरीजवळच्या एका वाचकांचे घर जांभ्या चिऱ्याचे, जुन्या जाड भिंतींचे. राउटर पाच वर्षांचा, पण दोन पट्ट्यांचा, गिगाबिट पिनांचा. तक्रार अशी की दिवसातून चार-पाच वेळा नेट पूर्ण जाते आणि मिनिटभराने येते, आणि माजघराच्या पलीकडे काहीच मिळत नाही. त्यांनी नव्या राउटरसाठी पैसे काढूनही ठेवले होते. आम्ही त्यांना एवढेच विचारले की नेट जाते तेव्हा राउटरचे सारे दिवे एकदम विझून पुन्हा लागतात का. लागत होते. तो राउटर बंद पडून पुन्हा सुरू होत होता, आणि पाच वर्षांच्या डब्यात असे होण्याचे नेहमीचे कारण थकलेला अॅडॉप्टर असते. तेवढेच व्होल्ट, तेवढीच किंवा जास्त अँपिअरची क्षमता आणि तशीच पिन असलेला नवा अॅडॉप्टर शे-दोनशेला मिळाला, आणि दिवे विझायचे थांबले. दिवे लागलेले असताना फक्त इंटरनेटचा दिवा लाल होत असता, तर ती लाइनची तक्रार झाली असती.

माजघराच्या पलीकडचा प्रश्न राहिला. चिऱ्याच्या दोन जाड भिंती ओलांडायला साडेसहा हजारांचा राउटरही दमतो. मोबाइलला परत उत्तर द्यायचे असते आणि मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो. तिथे उपाय वायरचा. आढ्याच्या कडेने लॅनची वायर मागच्या खोलीपर्यंत नेली आणि तिच्या टोकाला दुसरा राउटर लावला, त्यांच्याच भाच्याकडे पडून असलेला. त्याच्या पानावर DHCP बंद केला, त्याचा पत्ता 192.168.1.2 केला, आणि वायर त्याच्या निळ्या पिनेत न लावता लॅनच्या पिनेत लावली. नव्या राउटरमध्ये हेच काम Access Point Mode या एका निवडीने होते. वायरीतून आलेला स्पीड एक्स्टेंडरसारखा निम्मा होत नाही.

असा चांगला चालणारा जुना राउटरही एका कारणाने बदलावा लागतो, आणि ते कारण मोजणीत दिसत नाही: कंपनीने त्याला सुधारणा पाठवणे थांबवले असेल तर. राउटरमध्येही एक सॉफ्टवेअर असते आणि त्यात चोरवाटा सापडत राहतात. २०१७ साली तर डब्ल्यूपीए-२ या, जवळजवळ साऱ्या वाय-फायच्या कुलपातच खोट निघाली होती. ज्यांना सुधारणा मिळाली त्यांची ती बुजली. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून आत गेलात की Firmware Version असे लिहिलेले सापडते आणि बहुधा तारीखही असते. डब्याखालच्या चिकटपट्टीवरून मॉडेलचे नाव आणि त्यापुढचा Ver आकडा उतरवून कंपनीच्या संकेतस्थळावर शोधावे. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांची फाइल वेगळी असते आणि चुकीची टाकली तर राउटर उठत नाही. नवी फाइल असेल तर वीज जाणार नाही अशा वेळी ती घालावी. मॉडेलपुढे End of Life लिहिलेले असेल, तर ज्या घरातून बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार होतात तिथे तो राउटर ठेवू नये असे आमचे मत आहे. तोवर आत गेलाच आहात तर Remote Management बंद आहे ना ते बघा, सुरक्षेत WPA2-PSK (AES) किंवा WPA2/WPA3 निवडा. नुसते WPA3 निवडले तर जुने मोबाइल जोडले जात नाहीत. आणि admin चा पासवर्ड admin च राहिला असेल तर तो आजच बदला.

जुना राउटर कुणाला द्यायचा किंवा भंगारात टाकायचा असेल, तर त्याआधी तो चालू ठेवून मागच्या Reset च्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरावी, दिवे एकदा विझून पुन्हा लागेपर्यंत. त्यात तुमच्या वाय-फायचा पासवर्ड आणि नेटवाल्याचे PPPoE चे नाव साठवलेले असते. अॅडॉप्टर मात्र काढून ठेवावा, व्होल्ट जुळत असतील तर तो नव्यालाही उपयोगी पडतो.